मदत हवी आहे: कार्डाचे १,२०० भरले, तरी बिल २७ हजारांवर कसं गेलं?

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
८ जूनला कृषी केंद्रात बियाणं-खताचे २४,००० क्रेडिट कार्डानं दिले. १५ जूनला बिल आलं, शेवटची तारीख ५ जुलै, मिनिमम ड्यू १,२००. ते ५ जुलैलाच भरले. मग १० जुलैला फवारणीचं औषध घेतलं, ३,००० चं. माझ्या हिशेबानं २५,८०० राहायला पाहिजेत. १५ जुलैच्या बिलात २७,००९.८१ आहेत. मिनिमम तर वेळेवर भरलं, मग वरचे १,२०९ काहून? कापूस निघेपर्यंत मिनिममच भरत राहायचा विचार आहे.

गावाकडचा_अण्णा
भाऊ, व्याज ७ टक्के असते, मार्चच्या आत भरलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्केच पडते. बँकेत जाऊन भांडा, जास्त लावलं.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
अण्णा, ते केसीसीचं. हे दुकानात स्वाइप करायचं कार्ड आहे.

सातबारा_उतारा
मिनिमम भरलं म्हणजे लेट फी नाही आणि सिबिलवर थकबाकी दिसत नाही, हे पक्कं. व्याज फक्त उरलेल्या २२,८०० वर, ५ जुलैपासून लागते. दहा दिवसांचे अडीचशे-पावणेतीनशे व्हायला पाहिजेत. बाकीचं बँकेची चूक असेल.

खातेवही
सातबारा भाऊ, पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. बिनव्याजी मुदत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. एक रुपयाही मागे ठेवला की ती सवलत जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात. ५ जुलैपर्यंत पूर्ण २४,००० वर, त्यानंतर २२,८०० वर.

पऱ्हाटीवाले, तुमच्या बिलावर दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असावा. त्या दरानं करून पाहा:

८ जून ते ५ जुलै, २७ दिवस, २४,००० वर ७४५.६४. पुढचे १० दिवस २२,८०० वर २६२.३६. औषधाच्या ३,००० वर ५ दिवसांचे १७.२६. मागचं बाकी असताना नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एकूण व्याज १,०२५.२६. त्यावर १८ टक्के जीएसटी १८४.५५. बेरीज १,२०९.८१, पैशापर्यंत जुळते. बँकेची चूक नाही.

म्हणजे तुम्ही भरलेले १,२०० व्याज आणि जीएसटीनंच खाल्ले, वर पावणेदहा रुपये अंगावर राहिले.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
आयला! बिलावर दर ३.५ च आहे, पाहिला. मग कापसापर्यंत थांबलो तर?

खातेवही
नवीन काही घेतलं नाही आणि दर महिन्याला ५ टक्के मिनिमम भरलं, तर चार बिलांत पाच हजारांवर पैसे जातील आणि बाकी २७ वरून जेमतेम २६ हजारांवर येईल. दर महिन्याला ५ टक्के भरता, त्यातले चारेक व्याज-जीएसटीत परत चढतात.

हे कार्ड वापरणं आजच बंद करा. ४ ऑगस्टची वाट पाहू नका, हातात येतील तसे तुकड्यानं भरा. २५,८०० वर दिवसाला जीएसटीसकट ३५ रुपये चालू आहेत. भरलं त्या दिवसापासून तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबते. बचत गटातून महिना २ टक्क्यांनी मिळत असतील तरी ते घेऊन हे फेडा, फरक सरळ दिसतो.

आणि एक. ४ ऑगस्टला पूर्ण २७,०१० भरले, तरी पुढच्या बिलात सुमारे ७०० रुपये दिसतील. १५ जुलै ते ४ ऑगस्टचं ते व्याज आहे. 'सगळं तर भरलं' म्हणून सोडून दिलं, की तिथून पुन्हा बाकी आणि लेट फी सुरू.

वर्धेची_ताई
आमच्याकडे फ्रिजच्या बिलाचे हप्ते पाडून घेतले होते, दर अर्ध्याहून कमी पडला. पण हप्ता पूर्णच्या पूर्ण मिनिममध्ये धरतात, त्यामुळे मिनिमम एकदम फुगतं. दादांना मागच्या बाकीचे हप्ते करून मिळतील का?

खातेवही
ताई, काही बँका देतात, काही फक्त नवीन खरेदीचे देतात. ॲपमध्ये पर्याय दिसतो का पाहावं लागेल. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्याचा चार्ज आधी विचारा, हप्त्याच्या व्याजावर जीएसटी लागतोच.

सातबारा_उतारा
मान्य, माझं चुकलं. पण व्याजावर व्याज लावत नाहीत ना? रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे म्हणतात.

खातेवही
नियमात न भरलेले चार्ज, फी आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावू नये असं आहे. व्याजावर व्याज मात्र लागतं. बिलावर मिनिममचा जो इशारा छापतात, त्यातच चक्रवाढीचा उल्लेख असतो. तुमची बँक नेमकं कसं मोजते, ते कार्डासोबतच्या अटींच्या कागदात उदाहरणासह असतं.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
तो कागद कुठं ठेवला राजे हो. बायकोच्या गटाची बैठक रविवारी आहे, तिथं विचारतो. तोवर सोयाबीनसाठी बाजूला ठेवलेले ६,००० आज टाकले कार्डावर.