सारखा बूस्टर मारणाऱ्या गिऱ्हाईकाला मोठा पॅक सुचवावा का, आणि कसा?

दारव्हा_मोबाईलवाला: गावात रिचार्ज अन् झेरॉक्सचं दुकान आहे. एक शेतकरी भाऊ रोज 1.5 जीबीचा 28 दिवसांचा पॅक वापरतात. आठवड्यातून दोनदा तरी येतात, "डेटा संपला, 19 चा टाक" म्हणतात. त्यांना वरचा पॅक सांगावा वाटतो, पण "दुकानदार आपल्या कमिशनचं बोलते" असं त्यांना वाटू नये. काय बोलावं, कधी बोलावं?

वर्धेकर: बोलायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या: महिन्यात किती वेळा संपतो आणि दिवसाच्या किती वाजता संपतो. दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण खरं उत्तर त्यातच असतं.

रोजचा कोटा रात्री बाराला नवा मिळतो. संध्याकाळी सात-आठला संपत असेल तर माणूस दिवसभर नेहमीसारखा वापरतो आणि रात्रीच्या व्हिडिओला कमी पडतं. त्याला 2 जीबी पुरण्याची शक्यता बरीच आहे. सकाळी दहा-अकरालाच संपत असेल तर मोठा पॅक देऊ नका. तेव्हा फोनच मागच्या दाराने डेटा खातोय. 2 जीबी दिलं तर ते दुपारी संपेल, गिऱ्हाईक पुन्हा तुमच्या दारात येईल आणि या वेळी चिडून येईल.

आता पैशाचा हिशोब. उदाहरणासाठी 1.5 जीबीचा पॅक 299, 2 जीबीचा 349 आणि 1 जीबीचा बूस्टर 19 धरू. त्यांच्या सिमचे आजचे दर तुमच्या अ‍ॅपमध्ये पाहून घ्या, ते बदलत राहतात. दोन पॅकमधला फरक 50 रुपये. दोन बूस्टर 38 ला पडतात, तिसरा टाकला की 57 होतात. म्हणजे 28 दिवसांत तीन किंवा जास्त बूस्टर लागत असतील तरच मोठा पॅक स्वस्त. या भाऊंचे आठवड्याला दोन, म्हणजे महिन्याचे आठ. 152 रुपये बूस्टरचे, एकूण 451. मोठ्या पॅकवर 349. शंभराच्या वर वाचतात, तेही रोज अर्धा जीबी जास्त मिळून.

हा हिशोब तोंडी सांगू नका. बिलाच्या मागे दोन ओळींत लिहून त्यांच्या हातात द्या. आकडा स्वतः वाचला की बोलणं दुकानदाराचं राहत नाही.

पुसदचा_पाटील: मला हे पटत नाही. माणूस मोठा आहे, त्याला कळते. एकोणीस रुपये खिशात असले की तो टाकते, नसले की टाकत नाही. साडेतीनशे एकदम काढणं वेगळं. शेतमजुराची मजुरी बाजाराच्या दिवशी हातात येते, त्यातून किराणा, त्यातून दवाखाना. तुम्ही म्हणता शंभर वाचतात, पण ते शंभर वाचवायला आधी 349 एकदम काढावे लागतात. बूस्टर त्याच्या सोयीचा आहे. दुकानदारानं मधात पडूच नाही.

वर्धेकर: एकदम पैसे काढायचा मुद्दा बरोबर आहे. पण 299 तो आताही एकदमच काढतो. वरचे फक्त 50 जास्त आहेत, आणि आठ बूस्टर तो तसेही घेतोच आहे. तुमचं म्हणणं 84 दिवसांच्या पॅकला लागू पडतं. त्याची एकरकमी किंमत खरंच जड जाते. कापसाचे पैसे हातात आले की तो पॅक सुचवायचा, पेरणीच्या दिवसांत बिलकुल नाही.

वर्षा_वाशीम: पाटील भाऊ, गप्प बसणं तटस्थ नसते हो. गिऱ्हाईक महिन्यात आठ वेळा आपल्याकडे येते, प्रत्येक वेळी आपल्याला काही पैसे सुटतात, आणि स्वस्त पडणारी गोष्ट माहीत असून आपण बोलत नाही. त्यातही आपला फायदाच आहे की. एकदा सांगावं. ते नको म्हणाले तर पुन्हा विषय काढू नये. एवढंच.

सांगायची वेळ मात्र सांभाळा. बूस्टर मागायला आलेल्या माणसाचं नेट तेव्हा बंद असते, व्हिडिओ अर्धा राहिलेला असते, घाई असते. त्या वेळी पॅकची गोष्ट काढली की तो अडवणूक समजते. आधी मुकाट्यानं बूस्टर टाकून द्या. पॅक संपायला दोन-तीन दिवस राहिले की बोला. चालू पॅकच्या मधातच दुसरा पॅक टाकला तर बहुतेक तो रांगेत जाऊन बसते, लगेच लागू होत नाही. माणसाला वाटते, 349 घेऊनही डेटा नाही दिला. गैरसमज तिथूनच सुरू होते.

दारव्हा_मोबाईलवाला: ताई, शब्द काय वापरू? "अपग्रेड करा" म्हटलं की लोक मागं सरकतात.

वर्षा_वाशीम: आपल्याच बोलीत सांगा:

"भाऊ, या महिन्यात तुम्ही आठ येळा एकोणीसचा टाकला, दीडशे गेले. पॅक परवा संपते. तवा पन्नास जास्तीचा टाकला तं बूस्टर बहुतेक लागणार नाही. नाही जमलं तं आहे तोच टाकू, काही हरकत नाही."

शेवटचं वाक्य खाऊ नका. आणि "बहुतेक" पण राहू द्या. "लागणारच नाही" म्हटलं अन् घरी लग्न निघालं, पाहुण्या पोरांनी हॉटस्पॉटवर सिनेमे पाहिले, की तुमचा शब्द गेला.

मूर्तिजापूर_एक्स्प्रेस: माझ्या बाबांचंही हेच होते. रात्री नऊ ते अकरा नेट रेंगाळते. रोज 2 जीबीचाच पॅक आहे, तरी व्हिडिओ फिरतच राहते. आता 3 जीबीचा टाकावा का?

वर्धेकर: तुमचा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे मोठ्या पॅकचा एक पैसाही फायदा नाही. कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. व्हॉट्सअ‍ॅपचा नुसता मजकूर जातो, फोटो अडकतो, व्हिडिओ सुरूच होत नाही, आणि हे रात्री बारापर्यंत तसंच राहतं. तुमच्याकडे अकरानंतर आपोआप सुधारतं, म्हणजे त्या वेळी टॉवरवर गर्दी आहे. रात्री साडेनऊला कंपनीच्या अ‍ॅपमध्ये उरलेला डेटा बघा. शिल्लक दिसला तर पॅकला हात लावू नका. शेजारच्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर त्याचा वेग त्याच वेळी तपासून पाहा.

पुसदचा_पाटील: हेच मी म्हणतो. दहातले चार जण असे असतील आणि दुकानदार सरसकट मोठा पॅक खपवतील.

यवतमाळ_नेटकर: मग दुकानातच पाच मिनिटं फोन बघून द्यायचा. गिऱ्हाईकाला विचारून, त्याच्याच हातात फोन ठेवून. सेटिंगमध्ये सिमखाली `App data usage` असते, कुठल्या अ‍ॅपनं किती खाल्लं ते वरून खाली दिसते. अ‍ॅपवर दाबलं की `Foreground` आणि `Background` वेगळे दिसतात. `Background` जास्त असेल तर माणूस वापरत नाही, फोन वापरतोय.

नेहमीचे चोर तीनच. गूगल फोटोचा बॅकअप मोबाईल डेटावर चालू असतो. त्याच्या सेटिंगमध्ये `Backup` खाली `Mobile data usage` बघा. प्ले स्टोअरचं `Auto-update apps` हे `Over Wi-Fi only` वर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Storage and data` मध्ये जाऊन `When using mobile data` खालचे टिक काढा. गावाच्या चार-पाच ग्रुपमध्ये असलेल्या माणसाचा डेटा "शुभ सकाळ"चे व्हिडिओच खाऊन टाकतात.

यूट्यूबचं वेगळं. ते माणूस स्वतःच पाहतो, ते बंद करा म्हणू नका. फक्त `Video quality preferences` मध्ये `On mobile networks` ला `Data saver` लावा. 480 वर तासाला साधारण अर्धा जीबी जातो, 720 वर एक ते दीड. सहा इंची फोनवर कीर्तन पाहायला फरक जाणवत नाही. एवढं करून आठवडाभर थांबा. तरी संध्याकाळी संपत असेल तर तेव्हा पॅकचं बोला. तोपर्यंत त्यांना कळलेलं असते की तुम्ही आधी त्यांचे पैसे वाचवायला बघितलं.

दारव्हा_मोबाईलवाला: आणि 5जी? कंपनीचा माणूस म्हणते, 2 जीबीवाल्या पॅकवर 5जी अमर्याद आहे, तेच सांगून विका.

यवतमाळ_नेटकर: अर्धी गोष्ट सांगते तो. जुलै 2024 पासून जिओ आणि एअरटेल दोघांनी अमर्याद 5जी रोज 2 जीबी आणि त्यावरच्या पॅकना जोडलं. पण फोन 5जी पाहिजे आणि टॉवरही 5जी पाहिजे. तालुक्याच्या चौकात 5जी दिसते आणि घरी, वावरात 4जीवर येते. 4जीवर आला की तोच रोजचा 2 जीबीचा कोटा मोजला जाते. म्हणून विचारायचं, "घरी ओसरीवर बसल्यावर फोनवर वर काय दिसते, 4जी का 5जी?" 5जी दिसत असेल तर सांगा, तेव्हा हा पॅक खरंच कामाचा. नाही दिसत तर "अमर्याद" हा शब्द तोंडातूनच काढू नका. या एका शब्दानं दुकानाचं नाव सगळ्यात लवकर खराब होते.

पुसदचा_पाटील: फोन बघून देता, हिशोब लिहून देता, ते ठीक. पण हे बिनकामाच्या दिवशी जमते. सोमवारच्या बाजारात दुकानासमोर वीस माणसं उभी असताना कोण कोणाचं `Background` पाहील? तेव्हा दुकानदार "मोठा टाका" म्हणूनच मोकळा होईल. म्हणून मी अजूनही म्हणतो, विचारल्याशिवाय सांगू नये.

वर्षा_वाशीम: बाजाराच्या दिवशी नकाच सांगू, हे मान्य. बूस्टर टाकताना वहीत नावापुढे एक रेघ मारा, अन् पॅकची शेवटची तारीख लिहा. तिसरी रेघ पडली की तारखेच्या दोन दिवस आधी ते गिऱ्हाईक बोलण्यासारखं. बाकीच्यांना काहीच बोलू नका.

दारव्हा_मोबाईलवाला: वहीची गोष्ट जमते मला. या भाऊंचा पॅक शुक्रवारी संपते. आधी किती वाजता संपतो ते विचारतो, फोन बघतो. पाटील साहेब, गिऱ्हाईकानं विचारायच्या आधी मी बोललो तर चालेल की नाही, यावर मात्र माझं तुमच्याशी जुळत नाही.

पुसदचा_पाटील: नको जुळू द्या. पण दुसऱ्यांदा "नाही" म्हटल्यावर तिसऱ्यांदा बोललात तर मग मी म्हणतो तेच खरं.