हजेरी, खाडा आणि उचल: महिनाअखेरीचा हिशोब कसा ताडता?

गल्ल्यामागे
शेजारच्या किराण्यातला गडी पाठकोऱ्या कागदावर बेरीज करत बसला होता, ते बघून जुन्या हजेरीवह्या आठवल्या. त्याचा हिशोब मांडतो. रोज 450, दुकान रविवारीही चालू, महिना 30 दिवसांचा. एका रविवारी खाडा. उचल 8 तारखेला 2000, 19 ला 1000. हातात आले 9600. बरोबर आहेत?

मीनल_को
30 × 450 = 13500. उचल वजा, 10500. रविवारचे 450 वजा, 10050. 450 कमी दिलेत.

दादा७२
रविवारचे कापायचेच नाहीत, सुट्टी भरपगारी असते. शेठचीच चूक!

गल्ल्यामागे
@दादा७२ भरपगारी ठरली असेल तर. इथे 'जेवढे दिवस तेवढी हजेरी' असं बोलणं झालंय. मीनलताईंचं उत्तर बरोबर, पण 450 गेले कुठे ते बघा. वहीत त्या रविवारी फुली नाही, म्हणजे हजेऱ्या भरल्या 29 आणि रक्कम झाली 13050. मग उचलीच्या बाजूला 2000, 1000 आणि खाली पुन्हा 'खाडा 450'. खाडा दोनदा कापला गेला. हजेरी मोजून पैसे काढले की खाडा वेगळा लिहायचाच नाही. पूर्ण महिना धरला तरच लिहायचा.

सुनीता_ठाणे
आमच्या दूधवाल्याचं अगदी हेच! कालनिर्णयवर खाड्याला गोल करते, तरी तो पूर्ण महिन्याचे मागतो 😄

पेठेतला
फरक आला की आधी त्याला एका दिवसाच्या हजेरीने भागून बघायचं. पूर्ण आकडा आला तर बहुतेक दिवस मोजण्यात घोळ. 500, 1000 असा फरक निघाला तर उचल तपासायची. फोनपेवरची उचल सापडते, गल्ल्यातून रोख दिलेली विसरते किंवा दोनदा चढते. म्हणून रोख घेताना तारीख टाकून वहीत सही, आणि त्याच पानाचा फोटो गड्याच्या मोबाईलमध्ये.

अनघा
माझ्या भावाचा पगार महिन्याचा आहे, 13500 च. एका खाड्याचे 519 कापले. हे कसं?

पेठेतला
26 ने भागलंय, 30 ने भागलं तर 450 येतात. चार रविवार सुटी असेल तर 26 समजू शकतो. रोज दुकान उघडणाऱ्याने 26 ने कापणं मला पटत नाही.

मीनल_को
पण मग जादा दिवस भरला तर त्याचेही 519 द्यायला हवेत ना? तिथे बरोबर 450 आठवतात.

अनघा
अय्या, हे विचारतेच.

दादा७२
आणि विसर्जनाला शेठनेच शटर ओढलं तर हजेरी कोणाच्या खात्यात?

गल्ल्यामागे
आमच्या पेठेत निम्मे दुकानदार देतात, निम्मे नाही. कामावर घेतानाच बोलून ठेवलेलं बरं. आलो, गिऱ्हाईक आहे.

सुनीता_ठाणे
पेपरवाल्याच्या सुट्ट्या कोणी मोजतं का? दिवाळीचे दोन दिवस कधीच वजा होत नाहीत.