मदत हवी: जपानहून बूट मागवतोय, ८ नंबर म्हणजे नक्की किती सेंमी?

निवांत_भटक्या:
मंडळी, जपानमधल्या एका ऑनलाइन दुकानातून ट्रेकिंगचे बूट मागवायचेत. इथे मी कायम युके ८ घालतो आणि त्यांच्याकडे नुसतं २६, २६.५, २७ असं सेंटिमीटरमध्ये दिलंय. भिंतीला टाच टेकवून पाय मोजला तर उजवा २५.८ भरला, डावा २६.१. आता बोटांपुढे जागा हवी म्हणून यात एक सेंमी मिळवून २७ मागवू का? परत पाठवायचं पोस्टेज बघितलं आणि घाबरलोच, त्यामुळे काय ते एकदाच नीट मागवायचंय.

घाटवाट:
सोप्पंय रे, बुटावरचा युरोपचा नंबर बघ, ४२ असेल. त्याला दीडने भाग, २८ आले. २७ पण लहानच होणार तुला.

मधुरा_क:
कस्टम ड्युटी किती लागते हो? मला लेकीसाठी सँडल मागवायचेत.

जुना_मोची:
मधुराताई, ड्युटीचा वेगळा धागा काढा, इथे हरवेल.
घाटवाट, भागाकार बरोबर पण ते २८ पायाचे नाहीत, लास्टचे, म्हणजे ज्या साच्यावर बूट ओढून बनवतात त्याचे. तो पायापेक्षा दीड-दोन सेंमी लांबच असतो, तेवढे वजा केले की पाय येतो २६-२६.५. जपानी नंबर म्हणजे थेट पायाची लांबी, पुढची जागा त्यांनी आधीच सोडलेली असते. भटक्या, तू वरून आणखी एक मिळवलास तर जागा दोनदा धरल्यासारखं होईल आणि चढावर टाच उचलली जाऊन फोड येतील. मोठा पाय धरायचा, म्हणजे तुझा डावा, २६.५ घे. फक्त साइटवर 足長 लिहिलंय ना ते बघ, ती पायाची लांबी. काही दुकानं बुटाच्या आतल्या सोलची लांबी देतात, तिथे मात्र जागा आपणच मिळवायची.

सह्यवेडी:
माझ्याकडे नाइकी आणि आदिदास दोन्हीचे युके ८ आहेत, एकावर २७ सेंमी छापलंय, दुसऱ्यावर जेपी २६५, म्हणजे साडेसव्वीस. त्यामुळे "मी ८ घालतो" यावर जाऊच नका.
आणि पाय संध्याकाळी, उभं राहून, ट्रेकचे जाड मोजे घालून परत मोजा. पेन्सिल सरळ उभी धरा, तिरकी झाली की दोन-तीन मिमी इकडचे तिकडे होतात.

निवांत_भटक्या:
मोजला, जाड मोज्यांसकट डावा २६.५ 😐 आणि हो, 足長 च लिहिलंय.

जुना_मोची:
मोज्यांसकटचा आकडा नंबर ठरवायला धरत नाहीत, तो चार्ट उघड्या पायाचा असतो. मी २६.५ वरच आहे. पंजा रुंद असेल तर लांबी वाढवू नकोस, ३ई मिळतो का बघ.

सह्यवेडी:
मला नाही पटत, उतारावर अंगठा पुढे आपटतो. मी २७ घेईन आणि लेस वर घट्ट बांधेन.

निवांत_भटक्या:
२६.५ मध्ये ३ई स्टॉकमध्ये नाहीये, २ई आहे. पंजाचा घेर कुठून मोजतात? अंगठ्याच्या हाडावरून का?