सासूबाईंसाठी केटल घ्यायची आहे

मेधा (बी-३०२): नमस्कार मंडळी. सासूबाईंना पहाटे गरम पाणी लागतं. दीड लिटरची केटल बघतेय. घरातली जुनी परवा बंदच झाली नाही, पाणी उकळून उकळून निम्मं झालं. बिघडली असेल का?

साठे काका (ए-१०४): झाकण नीट लावलं होतं का?

मेधा: नाही काका, अर्धवट होतं.

साठे काका: मग केटल बिघडलेली नाही. आत झाकणाजवळ, मुठीच्या बाजूला एक छोटी फट असते. उकळल्यावर वाफ तिथून आत शिरते, दोन धातूंची पातळ पट्टी तापून वाकते आणि बटण टक्कन पडतं. झाकण उघडं राहिलं की वाफ वरच्यावर निघून जाते. म्हणून नवी घेताना झाकण एका हाताने दाबून घट्ट बसतंय ना, ते आधी बघ. आजींचे हात थरथरतात, म्हणून सांगतो.

दुसरं संरक्षण तळाशी असतं. पाणी संपून तळ तापला की वीज तुटते. डब्यावर 'ड्राय बॉइल प्रोटेक्शन' लिहिलेलं नसेल तर घेऊच नकोस.

संदीप (सी-५०१): आमच्या केटलमध्ये कॉइल पाण्यातच दिसते. चालेल का?

साठे काका: चालते, पण आपल्या बोअरच्या पाण्याने तिच्यावर क्षार चढतात आणि वळशांमधून ते निघत नाहीत. एलिमेंट स्टीलच्या तळाखाली झाकलेलं असेल तर घासायला सपाट तळ मिळतो. महिन्यातून एकदा अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबूफूल उकळून अर्धा तास ठेवा. मात्र झाकलेलं एलिमेंट जळलं तर सुटं बदलता येत नाही.

मेधा: आणि बॉडी?

साठे काका: आतून ३०४ स्टील, बाहेरून प्लास्टिकचं दुसरं आवरण. नुसत्या स्टीलच्या भांड्याला हात लागला तर भाजतो. पाण्याची पातळी दाखवणारी काचपट्टी शक्यतो नको. तिच्या सांध्यातून पुढे गळती होते आणि पाणी खाली स्विचपर्यंत जातं.

नीलिमाताई (बी-१०१): कंपनी कोणती पण?

साठे काका: बजाज, फिलिप्स, हॅवेल्स, प्रेस्टिज यांपैकी कोणतीही बघा. पण आधी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून जवळचं सर्व्हिस सेंटर शोधा, फोन करून विचारा की थर्मोस्टॅट आणि खालचा बेस सुटा मिळतो का. बिघडतात ते हेच दोन भाग. आणि केटलमध्ये दूध उकळू नका. ते तळाला लागतं, उतू जाऊन वाफेच्या फटीत शिरतं, आणि वॉरंटीतही बसत नाही.

मेधा: १५०० वॉटची घेऊ ना? साध्या बोर्डावर चालेल?

साठे काका: १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर. साधं सॉकेट ६ अँपिअरचं, रोज तापत राहील. फ्रिजशेजारच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लाव, एक्स्टेन्शन बोर्ड नको. लिटरभर पाणी चार-पाच मिनिटांत उकळतं. आणलीस की मला हाक मार, पहिलं पाणी माझ्यासमोर उकळू.