थर्मोस्टॅटचं उदाहरण कंट्रोल सिस्टिमच्या स्लाइड्समध्ये ठेवावं का?

मृदुला, कर्वेनगर
एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टिम शिकवते. आधीच्या सरांकडून आलेल्या स्लाइड्समध्ये दुसऱ्याच स्लाइडवर खोलीचा थर्मोस्टॅट आहे, नवव्या स्लाइडवर G/(1+GH) येतं आणि विसाव्यापासून स्टॅबिलिटी. काल एका मुलीने विचारलं, "मॅडम, आमच्या घरचा एसी 25 वर कधी थांबतच नाही, 24 ते 26 वर-खाली करत राहतो. मग तो अनस्टेबल आहे का?" मला नीट उत्तर देता आलं नाही. हे उदाहरण ठेवू की काढू?

सदाशिव, पाषाण (निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन)
काढा. थर्मोस्टॅट म्हणजे रिले. त्याला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. इनपुट दुप्पट केलं तर आउटपुट दुप्पट होत नाही, म्हणून त्याचं ट्रान्सफर फंक्शन लिहिताच येत नाही. तुमच्या नवव्या स्लाइडवरचा G ज्या प्रकारच्या यंत्रणेसाठी आहे, त्यात दुसऱ्या स्लाइडवरचा डबा बसत नाही. मुलांना एक चित्र दाखवायचं आणि गणित दुसऱ्याच यंत्रणेचं करायचं, ही फसवणूक आहे. त्या मुलीला ती जाणवली, एवढंच.

आणि एक. या स्लाइड्स थंड देशातल्या चित्रावरून उतरवलेल्या असतात. तिथे थर्मोस्टॅट हीटर चालवतो. एरर = सेटपॉइंट − मोजलेलं तापमान, एरर धन असली की हीटर चालू. पुण्यातलं मूल मनात एसी आणतं. तोच ब्लॉक डायग्राम एसीला लावला तर खोली गार असताना एसी चालू राहील! चिन्ह उलटं होतं हे कुणी सांगत नाही.

प्रशांत, वारजे
मॅडम, 24 ते 26 होत असेल तर फिल्टर साफ करून बघा, गॅसही तपासून घ्या. आमच्याकडे सर्व्हिसिंगनंतर बराच फरक पडला होता.

मृदुला, कर्वेनगर
प्रशांत, एसी त्या मुलीच्या घरचा आहे आणि बहुधा ठणठणीत आहे. प्रश्न शिकवण्याचा आहे. सदाशिव सर, चिन्हाचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता.

राजू, भोसरी (हीट ट्रीटमेंट)
चिन्हावरून आमच्या शॉपमधली गोष्ट सांगतो. भट्टीवर नवा टेंपरेचर कंट्रोलर बसवला. त्यात हीटिंगला रिव्हर्स आणि कूलिंगला डायरेक्ट असं सेटिंग असतं. बसवणाऱ्याने ते डायरेक्टवरच ठेवलं. भट्टी सेटपॉइंटच्या खाली असताना हीटर बंद, म्हणून आम्ही मॅन्युअलवर तापवली. सेटपॉइंट ओलांडल्यावर ऑटोला टाकली तर हीटर पूर्ण लागला. जितकी तापेल तितका जोर जास्त. वेगळा हाय लिमिट कटआउट होता म्हणून माल वाचला.

मी डिप्लोमावाला, पण माझ्या लेखी ते अनस्टेबल. पळतच सुटलं, परत यायचं नाव नाही. एसी 24 ते 26 करतो तो पळत नाही, येरझाऱ्या घालतो. दोन्हीला एकच शब्द कसा लावणार?

वैशाली, औंध
राजूदादांनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. तरीही मी म्हणेन उदाहरण ठेवा, कारण येरझाऱ्या आणि पळणं यांच्यातलं नातं याच खोलीत दाखवता येतं. सोयीसाठी काही आकडे धरते.

बाहेर एप्रिलची दुपार, 38 अंश. एसी बंद ठेवला तर खोली 38 कडे जाते, अखंड चालवला तर 18 पर्यंत उतरते, म्हणजे पूर्ण जोराचा परिणाम 20 अंश. टाइम कॉन्स्टंट 40 मिनिटं धरा. खोलीचं ट्रान्सफर फंक्शन झालं 20/(40s+1), चिन्ह सर म्हणतात तसं उलटं. सर, रिलेला ट्रान्सफर फंक्शन नाही हे मान्य, पण खोलीला आहे. स्लाइडवर दोन्ही डबे एकाच रंगात असतात, घोळ तिथे होतो.

आता थर्मोस्टॅट 26 ला चालू, 24 ला बंद. चालू असताना खोली 18 कडे निघालेली असते, म्हणून 26 वरून 24 ला यायला 40·ln(8/6), म्हणजे साडेअकरा मिनिटं लागतात. बंद असताना ती 38 कडे निघते, वर जायला 40·ln(14/12), सव्वासहा मिनिटांच्या आसपास. एसी साधारण 65 टक्के वेळ चालतो. 25 वर स्थिर धरायला लागणारा जोरही (38−25)/20, म्हणजे 65 टक्केच. रिले अर्धवट जोर देऊ शकत नाही, म्हणून तो वेळेची वाटणी करून तेवढाच सरासरी जोर देतो. दार उघडून पाच मिनिटं उकाडा आत येऊ द्या, दार लावल्यावर खोली पुन्हा त्याच येरझाऱ्यांवर येते. मुलीला सांगण्यासारखं हे आहे: 25 या बिंदूवर ती स्थिरावत नाही, पण त्या फेऱ्यावर मात्र ठाम असते.

सोहम, तिसरं वर्ष, ईअँडटीसी
मॅडम, मग रिलेच्या जागी इन्व्हर्टर एसी घेतला तर सरळ स्लाइडचं गणित लागतं ना? जोर = K × (तापमान − 25). कॅरॅक्टरिस्टिक समीकरण 40s + 1 + 20K = 0. पोल −(1+20K)/40 वर, K कितीही वाढवला तरी डावीकडेच. म्हणजे खोली कधीच अनस्टेबल होऊ शकत नाही. मग या उदाहरणावर स्टॅबिलिटी शिकवणार तरी कशी?

वैशाली, औंध
सोहम, समीकरण बरोबर आहे. पण K = 0.5 घेऊन खोली कुठे थांबते ते काढ. 26.2 वर, 25 वर नाही. 25 ला एरर शून्य, म्हणजे जोरही शून्य, मग 38 अंशांचा उकाडा कोण अडवणार? म्हणून ती 13/(1+10), म्हणजे 1.2 अंश वरच राहते. ही तुमची स्टेडी स्टेट एरर. ती कमी करायला मन म्हणतं K वाढव, आणि तुझ्या समीकरणात त्याला अडवणारं काहीच नाही.

अडवणारी गोष्ट तू सोडलीस. एसीचा जोर बदलल्यावर गार हवा खोलीत फिरून सेन्सरपर्यंत पोचायला वेळ जातो. दोन मिनिटं धर आणि e^(−2s) घालून परत बघ.

सोहम, तिसरं वर्ष, ईअँडटीसी
केलं. e^(−2s) च्या जागी पादे (1−s)/(1+s) घातलं, कारण राउथला बहुपदी लागते. आलं ते:

```
40s² + (41 − 20K)s + (1 + 20K) = 0
```

म्हणजे 20K < 41, K < 2.05. तेव्हा दर अंशाला 2.05 पटीपर्यंत सुरक्षित!

सदाशिव, पाषाण
सुरक्षित नाही. पहिल्या पायरीचं पादे लहान ω ला चालतं, सीमेवर फसवतं. फेज सरळ मोज: 2ω + atan(40ω) = π. ω येतो मिनिटाला जवळजवळ 0.8 रेडियन. तिथे 20K = √(1+32²), म्हणजे 32. खरी सीमा K = 1.6. तुझ्या 2.05 वर खोली कधीच झोके घ्यायला लागलेली असेल. राउथवर आंधळा विश्वास ठेवणारे मी पाहिलेत.

सोहम, तिसरं वर्ष, ईअँडटीसी
सर, झोके वाढत जाऊन अनंतापर्यंत जातील का? खोलीचं तापमान काही अनंत होणार नाही.

वैशाली, औंध
मृदुलाताईंच्या विद्यार्थिनीचं उत्तर याच प्रश्नात आहे. K = 3 ठेवला तर झोके सुरुवातीला खरंच वाढत जातात, समीकरण म्हणतं तसेच. पण कंप्रेसर शून्याच्या खाली आणि शंभराच्या वर जात नाही. दोन्ही टोकांना आपटायला लागला की वाढ थांबते आणि ठरावीक फेरा उरतो. K आणखी वाढवा, मधला पट्टा आणखी अरुंद होतो. K प्रचंड केला की इन्व्हर्टर एसी नुसता चालू-बंद होतो, म्हणजे रिलेच झाला! सीमेच्या बाहेर नेलेला गेन आणि टोकं बांधलेली, असा थर्मोस्टॅट. 25 या बिंदूपुरतं बघितलं तर विद्यार्थिनीचा "अनस्टेबल" शब्द चुकीचा नाही. बांधलेल्या टोकांनी त्याला येरझाऱ्यांत अडकवून ठेवलंय. राजूदादांच्या भट्टीतही टोक होतं, हीटरचा पूर्ण जोर, पण ते टोक भट्टीला झेपणारं नव्हतं.

पडताळाही मिळतो. 24 आणि 26 चा फरक काढून फक्त 25 वर रिले ठेवला आणि दोन मिनिटांचा उशीर धरला, तर हिशोबाने फेरा साधारण साडेआठ मिनिटांचा येतो. सरांच्या ω = 0.8 चा काळ 2π/0.8, पावणेआठच्या जरा वर. जवळजवळ तोच. ऑस्ट्रोम आणि हेग्लुंड यांनी 1984 साली याच गोष्टीचा उपयोग करून ऑटोट्यूनिंग मांडलं: मुद्दाम रिले लावायचा, फेऱ्याचा काळ आणि उंची मोजायची, त्यावरून सीमेचा गेन अंदाजायचा.

राजू, भोसरी
आमच्या कंट्रोलरवर ऑटोट्यून दाबलं की भट्टी आधी दोन-तीन वेळा वर-खाली होते. इतकी वर्षं वाटायचं ते चाचपडतंय.

फरक मात्र काढून टाकू नका. साडेआठ मिनिटांच्या फेऱ्यात बंदचा वेळ किती उरतो?

वैशाली, औंध
तीन मिनिटं.

राजू, भोसरी
बघा! बंद झालेला कंप्रेसर तीनेक मिनिटं परत चालूच करत नाहीत, दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. आमच्याकडे भट्टीच्या कंट्रोलरला फरक कमी ठेवला होता, कॉन्टॅक्टर इतका खडखडायचा की शेवटी कॉन्टॅक्ट चिकटले. 24 आणि 26 मधली ती जागा कंप्रेसरच्या आयुष्यासाठी आहे, हे स्लाइडवर लिहा.

सदाशिव, पाषाण
वैशाली, जोडणी सुंदर आहे, मान्य. पण 40 मिनिटांचा एकच टाइम कॉन्स्टंट मला पटत नाही. खोलीतली हवा काही मिनिटांत बदलते, विटांच्या भिंतींना तास लागतात. एसी बंद करून थर्मामीटर बघत बसा: पहिला अंश भराभर चढतो, पुढचे रेंगाळतात. एका घातांकाने ते बसणार नाही. 24 ते 26 मधल्या हालचालीत बराचसा भाग हवेचाच, म्हणजे तुमची साडेअकरा मिनिटं प्रत्यक्षात निम्मीही भरतील. मुलं घरी घड्याळ लावून बसली की विश्वास उडेल. माझं मत बदललेलं नाही. पाण्याची टाकी आणि पंप घ्या, एकच टाइम कॉन्स्टंट, डोळ्यांना दिसतो.

वैशाली, औंध
टाकीत येरझाऱ्या दिसायला उशीर मुद्दाम घालावा लागेल, सर. खोलीत तो आपोआप असतो. घड्याळ लावून बसतील तर बसू देत, निम्मी वेळ आली की भिंत आणि हवा वेगळी करायचं कारण मिळेल.

मृदुला, कर्वेनगर
दुसरी स्लाइड ठेवतेय, पण हीटरच्या जागी एसी आणि चिन्ह दुरुस्त करून. रिलेचा डबा लाल, खोलीचा निळा, आणि नववी स्लाइड फक्त निळ्यापुरती. सोहमचं 2.05 आणि सरांचं 1.6 शेजारी शेजारी घालणार. विद्यार्थिनीला मी काल "नाही, स्टेबल आहे" एवढंच सांगितलं होतं, ते सोमवारी मागे घेईन. हवा आणि भिंतीचं काय करायचं ते अजून ठरत नाही. कुणाकडे खोलीच्या खऱ्या नोंदी असतील, दर मिनिटाच्या, तर पाठवाल का?

राजू, भोसरी
भट्टीच्या आहेत, खोलीच्या नाहीत. पण डेटा लॉगर सुट्टीच्या दिवशी मोकळा असतो. रविवारी घरी लावतो.