नोंदवलेला मोबाइल क्रमांक कुलूपबंद असावा का?

अमळनेर, विद्यार्थिनी: परीक्षेच्या पोर्टलवर खाते उघडताना आईचा नंबर दिला होता. रिचार्ज राहून गेले आणि सिम बंद पडले. ईमेल चालू आहे, पासवर्डही आठवतो. तरी मोबाइलची चौकट राखाडी दिसते, बदलता येत नाही. हा अन्याय नाही का?

चोपडा, पालक: अन्यायच आहे. पासवर्ड टाकून आत आलेला उमेदवार खराच, असे मानून पोर्टल त्याच्याकडून शुल्क घेते. मग नंबर बदलतानाच त्याच्यावर अविश्वास का? ईमेलवर ओटीपी पाठवून हे काम सहज होऊ शकते.

धुळे, फॉर्म भरून देणारा: मला हे पटत नाही. खेड्यांतून येणाऱ्या पुष्कळ मुलांचा ईमेल केंद्रातच उघडला जातो आणि दोन्ही पासवर्ड केंद्राच्या वहीत राहतात. ती वही ज्याच्या हाती पडेल, तो नंबर बदलून खात्याचा मालक होईल आणि प्रवेशफेरीत महाविद्यालयांचा पसंतीक्रमही फिरवू शकेल. बँकेत नंबर बदलताना समोर माणूस बसून ओळखपत्र पाहतो. पोर्टलला ती सोय नाही, म्हणून कुलूप.

शहादा, विद्यार्थी: माझ्या वडिलांच्या नावात चूक होती, ती दुरुस्तीच्या मुदतीत निघाली. तुम्हीही तोवर थांबा.

धुळे: कृपया थांबू नका, नाव आणि नंबर यांचे नियम वेगळे असतात. 2025 च्या जेईई मेनमध्ये दुरुस्तीची मुदत मिळाली, तरी मोबाइल आणि ईमेल बदलण्यास मनाई होती. आधी जुनाच नंबर परत मिळतो का ते पाहा. बंद केलेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्याला देऊ नये, असा नियम आहे. म्हणून सिम आईच्या नावावर असेल, तर आईंनाच ओळखपत्रासह कंपनीच्या दुकानात घेऊन जा. नवे सिम सुरू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवतात, त्यामुळे त्या दिवशी ओटीपी आला नाही तर पोर्टल बिघडले असे समजू नका, आणि हे काम अंतिम तारखेवर ढकलू नका. नंबर दुसऱ्याकडे गेला असेल, तर मात्र हेल्पडेस्ककडे लेखी अर्ज करण्यावाचून मार्ग नाही. नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहा आणि अर्ज क्रमांक व ओळखपत्र जोडा.

चोपडा: वहीचा मुद्दा मान्य आहे, पण त्यातून माझ्याच म्हणण्याला बळ मिळते. नंबर दुसऱ्याला मिळाला की ओटीपी त्या अनोळखी माणसाला जाणार, आणि कुलूप त्याच्याच बाजूने उभे राहणार. बदलाची सूचना जुन्या नंबरवर व ईमेलवर पाठवून, चार-पाच दिवस हरकतीची वाट पाहून मग बदल लागू करता येईल.

धुळे: फॉर्म भरण्याच्या हंगामाबाहेर हे चालेल. अर्ज सुरू असताना आणि प्रवेशफेरीत त्याला माझा विरोध कायम आहे.

चोपडा: सिम मात्र हंगाम पाहून बंद पडत नाही.