मदत हवी आहे: बचत गटातल्या बायकांची आधार-रेशन कार्डं फोन, मेल, ड्राइव्हवरनं पूर्ण कशी काढायची?

खानापूरची_वहिनी
नमस्कार मंडळी. आमचा बायकांचा बचत गट आहे, बारा जणी. मी सेक्रेटरी म्हणजे सगळं लिखापढीचं काम माझ्याकडंच. बँकेच्या कर्जासाठी सगळ्यांची आधार, रेशन कार्ड आणि पासबुकाचं पहिलं पान गोळा केलेलं. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, कुणाचे मी स्कॅनर अ‍ॅपनं पीडीएफ केले, मग ते सगळं झेरॉक्सवाल्याला प्रिंटसाठी मेल केलं आणि आमच्या अध्यक्षीण बाईंसोबत ड्राइव्हवर एक फोल्डर पण बनवला, त्यात त्यांनी पण काही टाकलं. आता कर्ज मंजूर झालं, पैसे पण जमा झाले. बायका म्हणतात वहिनी आता आमचे कागद तुमच्या फोनात कशाला, काढून टाका. बरोबरच आहे त्यांचं. गॅलरीतनं सगळं काढलं तर दुसऱ्या दिवशी गूगल फोटोजमध्ये तेच फोटो परत दिसतात. पीडीएफ तर गॅलरीत कुठं दिसतच नाहीत, मग ते गेले का आहेत? अँड्रॉइड फोन आहे, घरी मुलीचा लॅपटॉप आहे. कुठनं सुरुवात करू?

येळ्ळूरचा_गडी
वहिनी डिलीट झालेले फोटो परत आणायचे असतील तर ट्रॅशमध्ये बघा की, तिथनं रिस्टोर होतात. आमच्या पोराच्या बारशाचे असेच गेलेले, मिळाले सगळे.

खानापूरची_वहिनी
अहो दादा परत आणायचे नाहीत, घालवायचे आहेत 😄

येळ्ळूरचा_गडी
अस्सं होय! मी वाचलो "परत दिसतात" आणि उलटंच समजलो. मग तर लई सोपं, फोन रिसेट मारा, विषय संपला.

मांडेप्रेमी
रिसेट कशाला. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज दाबून धरायचा आणि "सगळ्यांसाठी डिलीट" करायचं, दोन्हीकडनं जातं. आणि ड्राइव्हच्या फोल्डरची लिंक बंद केली की कुणाला उघडत नाही. एवढं केलं की बास.

तिसरं_गेट
मांडेप्रेमी, अर्धंच झालं हे. "सगळ्यांसाठी डिलीट" आपण स्वतः पाठवलेल्या मेसेजला चालतं आणि ते पण साधारण दोन दिवसांच्या आत. वहिनींकडं फोटो बायकांनी पाठवलेत, म्हणजे वहिनींना फक्त स्वतःकडनं काढता येतील, आणि आता बरेच दिवस पण झालेत. रिसेटनं फोन कोरा होईल पण गूगलवरचं काहीच जाणार नाही, लॉगिन केलं की फोटोज परत हजर.

वहिनी, मी एका ऑफिसात हेच काम बघतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. सगळे कागद एकदम घेऊ नका. एकाच बाईचं एकच आधार घ्या आणि ते कुठनं कुठं गेलं ते कागदावर लिहा. तुम्ही सांगितलंय त्यावरनं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये आला, तिथनं फोनच्या गॅलरीत उतरला, गॅलरीतनं आपोआप गूगल फोटोजवर चढला, व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमध्ये बसला, स्कॅनर अ‍ॅपमध्ये पीडीएफ झाली, ती मेलच्या सेंटमध्ये आणि ड्राइव्हवर गेली, झेरॉक्सवाल्याच्या इनबॉक्समध्ये पोचली, आणि मुलीच्या लॅपटॉपवर कधी उघडली असेल तर डाउनलोड्समध्ये पण पडली. एवढ्या जागी त्या एकाच आधारच्या वेगवेगळ्या कॉप्या आहेत आणि एकीला काढलं म्हणून दुसरी जात नाही.

तुमचा फोटो परत दिसतो तो ह्याच कारणानं. फोनच्या गॅलरीतनं काढलात ती फोनातली कॉपी गेली, गूगलवर चढलेली तशीच राहिली. बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोज अ‍ॅप उघडून तिथनंच डिलीट करा म्हणजे दोन्हीकडनं जातो. "जागा मोकळी करा" म्हणून बटण असतं ते मात्र दाबू नका, ते नेमकं उलटं करतं, फोनातलं काढतं आणि गूगलवरचं ठेवतं. शोधायला फोटोजच्या सर्चमध्ये `Government of India` टाकून बघा, फोटोतली अक्षरं पण ते वाचतं, पुष्कळ कार्डं एकदम पुढं येतील. अंधुक किंवा तिरके काढलेले फोटो सुटतात, ते तारखेनं बघावे लागतील. डिलीट केल्यावर फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, म्हणून ट्रॅश हातानं रिकामा करा.

खानापूरची_वहिनी
बाई ग, सर्चला टाकलं तर माझ्या सासूबाईंचं जुनं आधार पण निघालं, कधी काढलेलं कुणास ठाऊक. फोटोजचं झालं. पीडीएफचं सांगा की.

तिसरं_गेट
व्हॉट्सअ‍ॅपनं आलेली पीडीएफ गॅलरीत दिसतच नाही. फोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये ह्या जागी जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents
```

तिथंच आत `Sent` नावाचा फोल्डर आहे, तुम्ही कुणाला फॉरवर्ड केलेल्या पीडीएफ त्यात असतात. शेजारी `WhatsApp Images` मध्ये पण असाच `Sent` आहे आणि तो गॅलरी दाखवत नाही. लोक इथंच फसतात, चॅट साफ करतात आणि सेंट फोल्डर भरलेलाच राहतो. चॅटमध्ये गेलात आणि फोटोच्या जागी नुसता धुरकट चौकोन दिसतोय, दाबला की फाइल मिळत नाही म्हणतो, तर समजायचं फोनातली फाइल गेली. तो चौकोन पण नको असेल तर मेसेजच काढा. चॅट काढताना खाली मीडिया पण डिलीट करायची टिक असते, ती बघून घ्या.

हे सगळं झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअपला जाऊन लगेच नवीन बॅकअप घ्या, म्हणजे जुन्याच्या जागी नवा बसतो. आधी बॅकअप आणि मग डिलीट असं केलंत तर उद्या फोन बदलल्यावर सगळी आधार कार्डं परत उतरतील. आणि स्कॅनर अ‍ॅप उघडून बघायचं विसरू नका, ते स्वतःकडं वेगळी कॉपी ठेवतात, काही अ‍ॅप तर स्वतःच्या क्लाउडवर पण.

निपाणीकर_काका
माझा पण एक प्रश्न इथंच विचारतो. माझ्या पॅनवर कुणीतरी मोबाइलचं हप्त्याचं कर्ज उचललेलं, मला वसुलीचा फोन आला तेव्हा कळलं. मी पॅन कितीतरी ठिकाणी दिलेलं, आता कुठनं फुटलं हे कळणार कसं?

तिसरं_गेट
काका, कुठनं फुटलं हे शोधणं अवघड आहे. पण तुमच्या नावावर अजून काय काय आहे ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं, वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात जे कर्ज तुमचं नाही त्याची तक्रार तिथंच नोंदवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर पण सांगा. सविस्तर वेगळा धागा काढा, इथं वहिनींचं राहून जाईल.

वहिनी, आता मेल. लॅपटॉपवर जीमेल उघडून सर्चमध्ये हे एकेक टाका:

```
in:sent has:attachment filename:pdf
in:sent has:attachment filename:jpg
in:sent has:drive
```

तिसरं महत्त्वाचं. जीमेलमधनं २५ एमबीच्या वरचं जात नाही. बारा जणींचे स्कॅन एकदम जोडले असतील तर जीमेलनं ते गुपचूप तुमच्या ड्राइव्हवर चढवून झेरॉक्सवाल्याला नुसती लिंक पाठवली असेल. मग तुम्ही मेल काढलात तरी ड्राइव्हवर फाइल राहते. पण ह्यात एक फायदा पण आहे, ती फाइल ड्राइव्हवरनं काढून ड्राइव्हचा ट्रॅश पण रिकामा केला की त्याच्याकडची लिंक पण मेली, त्यानं डाउनलोड केलेली नसेल तर. जोडून पाठवलेल्या पीडीएफचं तसं नाही, ती त्याच्या इनबॉक्समध्ये त्याचीच झाली.

जीमेलमध्ये नुसती जोडलेली फाइल काढता येत नाही, अख्खा मेलच काढावा लागतो. बँकेशी बोलणं त्याच साखळीत असेल तर पूर्ण साखळी उडवू नका, त्या एका मेलच्या तीन ठिपक्यांत जाऊन तोच डिलीट करा. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो, तो पण रिकामा करा.

खानापूरची_वहिनी
`has:drive` टाकल्यावर खरंच एक मेल निघाला हो! त्यात लिंकच होती, मला वाटायचं मी फाइलच जोडलेली. ड्राइव्हवरनं काढली. पण आमचा फोल्डर डिलीट केला तर अध्यक्षीण बाई म्हणतात त्यांना त्यांच्या फाइल अजून दिसतात.

मांडेप्रेमी
म्हणजे लिंक बंद करून काय होत नाही म्हणता?

तिसरं_गेट
लिंक बंद करणं चांगलंच, नवीन कुणी उघडू शकत नाही. पण फाइल जिनं टाकली तिच्या मालकीची असते. वहिनींनी फोल्डर काढला तर वहिनींच्या फाइल ट्रॅशमध्ये गेल्या, अध्यक्षीण बाईंनी टाकलेल्या त्यांच्या ड्राइव्हवरच राहिल्या. त्यांच्या लॉगिननं सर्चमध्ये `owner:me type:pdf` आणि `owner:me type:image` टाकून त्यांनीच काढायच्या, मग ट्रॅश.

खानापूरची_वहिनी
त्यांचा फोन कन्नडात आहे, मला मेनू पटकन वाचता येत नाही. मुलगी येते रविवारी, तिला घेऊन बसते त्यांच्याकडं.

चन्नम्मा_सर्कल
थांबा जरा, सगळं काढू नका एकदम. आमच्या गटाला बँकेनं सहा महिन्यांनी परत केवायसी मागितलेलं, आणि दोन बायकांचे कागद परत गोळा करताना नाकी नऊ आले. एक सेट ठेवा असं मी म्हणेन.

तिसरं_गेट
ठेवायचं काय हा प्रश्न बरोबर आहे. मंजुरीचं पत्र, कराराची कॉपी, गटाचा ठराव हे ठेवाच, ते गटाचे कागद आहेत. आधार मात्र ज्याचं त्याच्याकडं असू द्या, बँकेकडं तिची कॉपी आहेच. परत मागितलं तर बायकांना मास्क केलेलं आधार द्यायला सांगा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. बँकेनं पूर्णच मागितलं तर त्या तिथं स्वतः देतील.

चन्नम्मा_सर्कल
सांगायला सोपं आहे साहेब. आमच्यातल्या निम्म्या बायकांचा मोबाइल नंबर आधारला जोडलेलाच नाही, ओटीपी कुठं येणार? मी तरी घरी फाइलमध्ये झेरॉक्स ठेवते, फोनात नाही.

तिसरं_गेट
हे मात्र खरं. कपाटातली झेरॉक्स आपोआप कुठं चढत तरी नाही.

खानापूरची_वहिनी
बरं, आता राहिला झेरॉक्सवाला. त्याला फोन केला, "काढतो अक्का" म्हणाला. त्याच्याकडं कायम गर्दी असते, काढलं का कसं कळणार?

येळ्ळूरचा_गडी
तो काय काढूलालाय! त्याच्या मेलात अख्ख्या तालुक्याची आधार असणार.

तिसरं_गेट
घरी बसून कळणार नाही. दुपारी दुकान मोकळं असताना जा आणि त्याच्यासमोर बसून त्याच्या मेलच्या सर्चमध्ये तुमचा मेल आयडी टाकायला लावा, जे येईल ते डिलीट, मग ट्रॅश. त्याच कॉम्प्युटरचा डाउनलोड्स फोल्डर आणि रिसायकल बिन पण बघा, प्रिंटसाठी उतरवलेली फाइल तिथं असते. आणि तिथं कधी व्हॉट्सअ‍ॅप वेब लावलेलं असेल तर तुमच्या फोनात लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन लॉगआउट मारा. त्यानं पेन ड्राइव्हवर घेतलेलं असेल तर तिथं आपला इलाज नाही.

खानापूरची_वहिनी
लिंक्ड डिव्हायसेसमध्ये दोन नावं दिसतात, एक मुलीचा लॅपटॉप, दुसरं विंडोज म्हणून काहीतरी. दुसरं काढलं. मुलीच्या डाउनलोड्समध्ये एकाच रेशन कार्डाच्या चार कॉप्या होत्या, (१) (२) (३) असं नाव लागून. उद्या दुकानात जाऊन येते आणि इथं लिहिते.